ठाणे लोकल + मेट्रो : एकच कार्ड चालेल का?

प्रश्न: रोज ठाण्याहून घाटकोपरला उतरून मेट्रो पकडायची आहे, पुढे पहाडी गोरेगाव. लोकल आणि मेट्रोला एकच कार्ड चालतं का? भाडं एकत्र लागतं का?

उत्तर: नाही, आणि भाडंही जोडून लागत नाही. कारण समजलं की पुढचा गोंधळ टळतो. मेट्रोत आत जाताना आणि बाहेर पडताना फाटक असतं, ते कार्ड वाचून भाडं कापतं. लोकलच्या स्टेशनवर असं फाटकच नाही, तिथे टीसीला दाखवायला तिकीट किंवा पास लागतो. त्यामुळे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड मेट्रो २अ, ७ आणि ३ वर टॅप होतं, पण ते खिशात असलं तरी लोकलमध्ये तुम्ही विनातिकीटच. त्या कार्डात ऑनलाइन पैसे भरलेत तर ते चिपवर आपोआप चढत नाहीत. स्टेशनच्या मशीनवर कार्ड धरून शिल्लक अपडेट करून घ्या, नाहीतर बँकेतून पैसे कापले जाऊनही फाटक उघडत नाही.

आता तुमचा मार्ग. ठाणे ते घाटकोपर लोकलचं तिकीट. घाटकोपर ते डी. एन. नगर मेट्रो १, भाडं ४० रुपये. तिथून चालत अंधेरी पश्चिम, मग मेट्रो २अ ने पहाडी गोरेगाव, २० रुपये. म्हणजे मेट्रोचेच ६० आणि वर लोकलचं. दोन्ही मेट्रो वेगळ्या चालकांच्या असल्यामुळे टप्पा दुसऱ्या फाटकावर पुन्हा शून्यापासून मोजला जातो. २अ च्या दरपत्रकात १२ ते १८ किलोमीटरला ३० रुपये आहेत आणि तुमचा मेट्रोचा एकूण प्रवास त्याच टप्प्यात बसतो. टप्पा पुन्हा मोजला जातो आणि मेट्रो १ चं भाडंही जास्त आहे, त्यामुळे त्या दराच्या दुप्पट पैसे जातात.

मुंबई वन ॲपवर वेगवेगळ्या सेवांची तिकिटं एका ठिकाणी काढता येतात. रांग वाचते हा खरा फायदा, पण रक्कम ही बेरीजच असते, सवलत नव्हे.

परतताना मात्र एक चूक हमखास होते. घाटकोपरला मेट्रोचा पूल थेट रेल्वेच्या पुलाला जोडलेला आहे. मोबाइलवरचं कागदविरहित लोकल तिकीट स्टेशनच्या हद्दीत काढता येत नाही, आणि पुलावर पोचल्यावर ॲप नकार देतं. म्हणून ते मेट्रोत बसण्याआधीच काढा, पण फार आधी नको, प्रवास तासाभरात सुरू व्हायला हवा. तपासणीत तिकीट ॲपमधूनच दाखवा, स्क्रीनशॉट चालत नाही. रोजचंच जाणं असेल तर लोकलचा मासिक पास काढा, मग ही धावपळच उरत नाही.

पैसे वाचवायचे असतील तर दादर मार्गे ठाणे ते गोरेगाव हिशोब करून बघा. मध्य आणि पश्चिम रेल्वेला एकच तिकीट चालतं आणि अंतरही सलग मोजलं जातं. फक्त तिकिटावर दादर मार्गे असल्याची खात्री करा.