वीज विमानावरून चालत जाते

प्रश्न: मे महिन्यात नागपूरहून मुंबईला येताना उतरायच्या आधी खिडकीबाहेर लख्ख उजेड पडला आणि धाडकन आवाज आला. पायलट म्हणाले वीज पडली, काळजी करू नका. पण मग आत साधा झटकासुद्धा कसा बसला नाही? यंत्रं कशी चालू राहिली?

उत्तर:

तुम्ही उतरून टॅक्सी पकडलीत, त्यानंतर रात्रभर जी माणसं बॅटरी घेऊन त्या विमानाच्या अंगावर डाग शोधत फिरली असतील, त्यांच्याच धंद्यातला मी. विमानांची देखभाल करतो. वळवाच्या दिवसांत हे काम हमखास येतं.

वीज 'पडली' हे बोलायला ठीक आहे, पण बहुतेक वेळा विमानच तिला वाट करून देतं. ढगांमधल्या विद्युतक्षेत्रात धातूची एवढी लांब वस्तू शिरली की नाक, पंखांची टोकं, शेपूट अशा अणकुचीदार जागी ते क्षेत्र एकवटतं. मग दोन विरुद्ध टोकांतून दोन ठिणग्या बाहेर झेपावतात, एक या भाराकडे, दुसरी त्या भाराकडे. त्या पोचल्या की वाट पूर्ण झाली. विमान हा त्या वाटेतला मधला तुकडा. त्यामुळे विजेला नेहमी आत यायची एक जागा असते आणि बाहेर जायची एक. विमानात ती साठत नाही.

आता हा तुकडा केवढा जाड आहे बघा. एअरबस ए३२० चं धड सुमारे चार मीटर व्यासाचं. त्याची अ‍ॅल्युमिनियमची कातडी उलगडून पसरली तर साडेबारा मीटर रुंद पत्रा होईल. जाडी सरासरी दीड मिलिमीटर धरू. म्हणजे विजेला मिळालेल्या 'वायरी'चा छेद साधारण १९० चौरस सेंटिमीटर. घरातल्या गीझरच्या वायरीचा छेद चार चौरस मिलिमीटर असतो, त्याच्याशी ताडून बघा.

डिझाइन करताना धरतात तो सर्वांत जबर फटका २ लाख अँपियरचा. आकडा भीतीदायक आहे, पण तो शिखरावर मायक्रोसेकंदांपुरताच असतो. एवढ्या छेदातून तो गेला तर धडाच्या दर मीटरला उष्णता तयार होते साधारण पाच ज्यूल. किलोभर साखरेची पिशवी अर्ध्या मीटरवरून खाली पडली की जेवढी ऊर्जा, तेवढीच. त्या एक मीटर पत्र्याचं वजन पन्नासएक किलो, म्हणजे तापमान वाढणार अंशाच्या दहा हजाराव्या भागाएवढं. पत्र्याच्या रोधामुळे नाकापासून शेपटापर्यंत पडणारा व्होल्टेजचा फरकही वीसएक व्होल्टचा. (ढोबळ हिशेब आहे, पण अंदाज यायला पुरेसा.)

आणि तुम्ही या नळीच्या आत बसलेले. प्रवाह चारही बाजूंनी पत्र्यातून वाहतो, तेव्हा आतमध्ये सगळ्या बाजूंची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. शिवाय इतका झटक्यात बदलणारा प्रवाह पत्र्याच्या बाहेरच्या अंगालाच चिकटून राहतो. तुमच्या खुर्चीला काही कळतच नाही.

मग जळतं कुठे? पत्र्यात वाहताना नाही, पत्र्याला चिकटताना. ठिणगीचं बूड जिथे धातूला टेकतं त्या टिकलीएवढ्या जागेत धातू वितळतो. मोठ्या फटक्यानंतर काहीशे अँपियरचा संथ प्रवाह सेकंदाचा काही भाग चालू राहतो, आणि खरं भाजण्याचं काम तोच करतो. तो एकाच जागी थांबला असता तर पत्र्याला भोक पडायला वेळ लागला नसता.

थांबत नाही, कारण विमान पळत असतं. विजेची रेघ हवेत होती तिथेच राहते आणि विमान तिच्याखालून सरकतं. उतरताना वेग १४० नॉट धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे ७२ मीटर. वीज अर्धा सेकंद टिकली तर तेवढ्यात विमान ३६ मीटर पुढे गेलं, आणि ए३२० ची लांबीच साडेसदतीस मीटर! म्हणून नाकाशी आत आलेली वीज उड्या मारत शेपटापर्यंत चालत जाते. रंग वीज वाहू देत नाही, त्यामुळे प्रत्येक उडीला ती थोडी अडते आणि मग पुढचा रिव्हेट पकडते.

एकदा रात्री हाताखालच्या पोराला घेऊन असाच माग काढला होता. नाकामागे, उजव्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा पहिला डाग. कडेने रंग काळवंडलेला, मध्ये चकचकीत खळगा. वीतभर मागे दुसरा, एका रिव्हेटच्या डोक्यावर. मग तिसरा, चौथा, कधी हातभर अंतर सोडून, सरळ रांगेत. शिवणयंत्राने टाके घातल्यासारखे. बॅटरी सरळ धरली तर दिसत नाहीत, पत्र्याला तिरपी धरली की खळग्याची सावली पडते.

शेपटाकडच्या किंवा पंखाच्या मागच्या कडेला मात्र पुढे उडी मारायला धातूच उरत नाही. तिथे वीज लोंबकळत राहते आणि जास्त भाजते. तिथल्या त्या पेन्सिलीएवढ्या काड्या म्हणजे विजेपासून वाचवणारे तडितवाहक, असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही. उडताना घर्षणाने साठणारा भार हळूहळू सोडून देणं आणि रेडिओतली खरखर टाळणं हे त्यांचं काम. विजेत बिचाऱ्या बऱ्याचदा वितळतात.

हा सगळा हिशेब सलग पत्र्याचा झाला. जिथे धातू तुटतो तिथे मुद्दाम पूल बांधावे लागतात. विमान वळवणारी आणि वरखाली करणारी शेपटावरची पाती, म्हणजे रडर आणि एलेव्हेटर, बिजागऱ्यांवर हलतात. प्रवाह बेअरिंगमधून गेला तर गोळ्या भाजतील, म्हणून बिजागरीला बगल देऊन तांब्याच्या वेणीची पट्टी जोडलेली असते. आमच्या भाषेत बाँडिंग जंपर. त्याचा रोध मिलिओहममध्ये मोजतात. जोडाखाली रंग किंवा गंज राहिला तर तिथेच ठिणगी. नाकातला रडार ज्या टोपीखाली असतो ती रेडोम फायबरची, कारण धातूतून रडार पाहू शकत नाही. तिच्यावर मागे पत्र्यापर्यंत धातूच्या पट्ट्या ओढलेल्या असतात. कार्बन फायबरचं धड अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने प्रवाहाला फारच खराब, म्हणून अशा धडाच्या बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० च्या रंगाखाली तांब्याची बारीक जाळी बसवतात.

यंत्रांचं म्हणाल, तर नळीला खिडक्या असतात आणि तिथून थोडं चुंबकीय क्षेत्र आत झिरपतंच. त्याने वायरींमध्ये क्षणिक उसळी येते. महत्त्वाच्या वायरींवर धातूच्या जाळीचं वेष्टन असतं, आणि कंप्युटरच्या तोंडाशी उसळी शोषणारे भाग. तरीही एखादी स्क्रीन क्षणभर लुकलुकते. कधी पोलादी भागांत चुंबकत्व शिरतं आणि होकायंत्र काही अंश खोटं दाखवू लागतं, म्हणून तेही तपासतो.

हे सगळं फुकट शिकलेलं नाही. ८ डिसेंबर १९६३ ला अमेरिकेत, मेरिलँडमधल्या एल्कटनजवळ, पॅन अ‍ॅमचं बोइंग ७०७ उतरायच्या रांगेत घिरट्या घालत होतं. विजेने डाव्या पंखाच्या टोकाकडच्या टाकीतली इंधनाची वाफ पेटली. ८१ माणसं गेली. पंखाच्या पत्र्याने वीज वाहून नेणं पुरेसं नाही, टाकीच्या आत एकही ठिणगी उडता कामा नये, हा धडा तिथला. आज टाकीवरच्या पत्र्याची जाडी, झाकणं, आत डोकावणारे बोल्ट, सगळं याच हिशेबाने ठरतं.

पोराला घेऊन माग काढला त्या रात्री आम्ही सतरा डाग मोजले, पण बाहेर जायची जागा सापडेना. ती सापडल्याशिवाय विमान सोडता येत नाही. पहाटे चारला शिडी शेपटाला लावली, तर उजव्या एलेव्हेटरच्या टोकाची काडी अर्धी वितळलेली. मग तिथला जंपर मोजला, खळग्यांची खोली मापली, दोन रिव्हेट बदलले आणि सही केली.