कर्ज गोळीनं फिटत नाही, मान्य

प्रश्न: काका कर्जापायी बोलेनासे झालेत, झोपत नाहीत. जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसिक आजाराचा खरंच इलाज होतो का?

होतो. यवतमाळ जिल्ह्यात आशा म्हणून काम करते, म्हणून ठामपणे सांगते.

आमच्या गावातले एक भाऊ, कापूसवाले, सोसायटीचं थकलेलं, वर सावकाराचं. मला सांगायचे फक्त कंबर दुखते. बायको म्हणाली, जेवत नाहीत, पहाटे तीनला उठून ओसरीवर बसतात. मी म्हटलं, भाऊ, झोपेसाठी दाखवून येऊ. "मी येडा आहे का?" म्हणाले, पण एसटीत बसले. केसपेपर काढायच्या रांगेत दोनदा "घरी जातो" झालं. मी पिशवी धरून उभी.

डॉक्टरांनी कर्जाचा आकडा विचारलाच नाही. झोप किती वाजता मोडते, जेवणाला चव लागते का, आणि मग सरळ, "जीव द्यावा वाटतं का?" भाऊ खाली बघत म्हणाले, "फवारणीचं औषध हातात घेऊन बसलो होतो." बायकोनं पहिल्यांदाच ऐकलं. असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरतं, हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो.

गोळ्या बायकोच्या हातात दिल्या, थोड्याच दिवसांच्या. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी बाहेर काढायला सांगितलं. आम्ही ते शेजारच्या शेतकऱ्याकडे कुलपात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी आधी मळमळ होईल, फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील, मध्येच बंद करायच्या नाहीत. भाऊंनी आठवड्यातच "काही होत नाही" म्हणून पुडी फेकली होती. बायकोनं उचलून पुन्हा दिली. मग झोप लागली, मग भूक. बरं वाटल्यावरही महिनोन्‌महिने गोळी चालूच ठेवावी लागते, तिथेच बहुतेक लोक सोडतात.

आता त्यांचे चुलतभाऊ. पारावर मला ऐकवायचे, "सोसायटीचं कर्ज गोळीनं फिटतं का, ताई?" नाही फिटत. पण झोप नसलेला माणूस बँकेच्या पायरीपर्यंतही जात नाही. भाऊ बरे झाल्यावर स्वतः जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज देऊन आले, आणि बेकायदा व्याज घेणाऱ्या सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, हेही त्यांनीच शोधलं. चुलतभाऊंनी तेव्हा एक रुपयाही दिला नव्हता, हे लिहूनच ठेवते.

हां, गोळी सगळ्यांना सारखी लागत नाही, कधी बदलावी लागते. आणि काका मरणाची भाषा बोलत असतील तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका, एकटं सोडू नका, आजच न्या. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.