प्रवासासाठी हँड ग्राइंडर: बरचा आकार नंतर, आधी आस हलवून बघा

प्रश्न: "प्रवासात न्यायला छोटा हँड ग्राइंडर हवाय. सिरॅमिक बर घ्यावा की स्टील? क्लिक किती असले म्हणजे पुरे? आणि रोज सकाळी फिरवून हात दुखतो का? मी बहुतेक वेळा फ्रेंच प्रेस किंवा पोअर ओव्हर करतो."

शेवटचं वाक्य वाचून थांबलो, कारण माझी जुनी रड हीच होती. आधीच सांगतो, मी एस्प्रेसो पीत नाही, त्यामुळे त्या मंडळींनी माझं म्हणणं फार मनावर घेऊ नये. ताजे दाणे, वजनकाटा वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच.

बर म्हणजे दाणे दळणारी दातेरी जोडी, एक आत आणि एक बाहेर. ती स्टील की सिरॅमिक हा दुय्यम प्रश्न आहे. बर ज्या दांड्यावर बसलाय तो आसाचा दांडा किती जागी धरलाय, ते आधी विचारा. स्वस्त प्रवासी ग्राइंडरमध्ये तो वरच्या बाजूला एका प्लास्टिकच्या बुशातून जातो आणि खालचं टोक मोकळं लोंबकळत असतं. आतला शंकूसारखा बर त्याच टोकाला असतो. बारीक दळताना हे कळत नाही, कारण दोन्ही बर इतके जवळ असतात की आतला बाहेरच्याला टेकत टेकत आपोआप मध्यभागी राहतो. जाड दळायला घेतलं की मधला आधार जातो आणि दाण्यांच्या दाबाने आतला बर एका बाजूला सरकतो. समजा फट ०.८ मिमी ठेवलीत आणि बर ०.२ मिमी सरकला, तर एका बाजूला ०.६ आणि समोरच्या बाजूला १ मिमी फट झाली. एकाच फेऱ्यात दोन वेगवेगळी दळणं! म्हणजे फ्रेंच प्रेसवाल्याला, ज्याला जाड आणि एकसारखी पूड हवी, हा ग्राइंडर नेमका तिथेच दगा देतो.

माझ्या जुन्या सिरॅमिकवाल्यात हे अगदी डोळ्यांना दिसायचं. जाड सेटिंगवर दळून पूड चहाच्या गाळणीत हलवली की वर अर्धे तुटलेले दाणे आणि पापुद्रे राहायचे, खाली मैद्यासारखी धूळ. तुकड्यांमुळे कॉफी आंबट आणि धुळीमुळे तीच कॉफी कडू. पोअर ओव्हरला तर ही धूळ कागदाच्या फिल्टरमध्ये बसून पाणी तुंबवायची.

कंपनीच्या सेवा केंद्राला लिहिलं. (नाव घेत नाही, उगाच वाद नको.) त्यांनी व्हिडिओ मागितला, पाठवला. मग दुसऱ्या कोनातून मागितला. मग उत्तर आलं की "जाड दळणात थोडा असमानपणा नैसर्गिक आहे". मी विचारत होतो आस किती हलली तर चालते, आणि त्यांनी पाठवून दिला नवा बर! बर धडधाकटच होता, सैल होतं ते बुश. नवा बर बसवला, तोही तसाच हलला. पुन्हा मेल, पुन्हा नवा प्रतिनिधी, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. या टोलवाटोलवीत वॉरंटी संपली आणि मग अत्यंत नम्र भाषेत तेही कळवण्यात आलं. "किती मिमी?" याचं उत्तर आजतागायत नाही.

तेव्हा घेण्याआधी हातात घेऊन बघा. ग्राइंडर रिकामा ठेवा, सेटिंग जाडवर न्या, खालचा डबा काढा आणि आतला बर बोटाने आडवा ढकला. लगेच जाणवण्याइतका डगमगला तर तो खाली ठेवून द्या. मग उजेडाकडे धरून हँडल हळू फिरवा. दोन बरमधली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक अशी चंद्रकोर दिसली तर बर मध्यावर नाही. अगदी बारीक सेटिंगला जेमतेम घासल्याचा आवाज येणं चांगल्या ग्राइंडरमध्येही होतं, त्याने घाबरू नका. ऑनलाइन घेणार असाल तर वर्णनात दोन बॉल बेअरिंग, एक वर आणि एक खाली, असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. "प्रीमियम बेअरिंग" एवढंच लिहिलं असेल तर मी ते नाही असंच धरतो.

हे जमलं की बाकीचं सोपं. या आकारात शंकूच्या बरला खरा पर्यायच नाही. सिरॅमिक गंजत नाही हे खरं, पण तो दाणा कापण्यापेक्षा चिरडतो जास्त आणि दाण्यांत खडा आला किंवा पडला तर त्याचा टवका उडतो. प्रवासात वस्तू पडतातच. मी स्टीलच घ्या म्हणेन, फक्त धुऊ नका, कोरड्या ब्रशने झाडा.

क्लिकच्या आकड्याने भुलू नका. जाडी ठरवणारा नट एका फेऱ्यात किती क्लिक घेतो, यापेक्षा एका क्लिकला बर किती सरकतो ते महत्त्वाचं. आट्यांचा पिच ०.७५ मिमी आणि फेऱ्याला ३० क्लिक असतील तर एका क्लिकला बर २५ मायक्रॉन वर-खाली होतो. शंकूच्या उतारामुळे प्रत्यक्ष फट त्याहून कमी बदलते. तुमच्या कामाला एवढं पुरेसं आहे, याच्या निम्मी पावलं एस्प्रेसोवाल्यांना लागतात. सैल आस असेल तर मात्र क्लिक कितीही बारीक असोत, ते कागदावरच. आणि क्लिक नीट अडकणारा हवा. माझ्या जुन्याचा नट बॅगेत हिसके बसून सरकायचा. सवय म्हणून पोचल्यावर आधी शून्यापर्यंत, म्हणजे बर एकमेकांना टेकेपर्यंत हलक्या हाताने आवळा आणि तिथून क्लिक मोजत मागे या.

हात दुखण्याबद्दल: ३८ मिमीच्या स्टील बरवर १५ ग्रॅम मध्यम भाजलेले दाणे साधारण मिनिटभरात होतात. हलके भाजलेले दाणे कडक असतात, तिथे दम लागतो. छोट्या ग्राइंडरचं हँडलही आखूड, म्हणून जोर जास्त लागतो. पण खरा त्रास बऱ्याचदा दंडाला नसून पकडीला होतो, गुळगुळीत नळी मुठीत फिरते. रबरी पट्टा असलेली घ्या किंवा स्वतः चढवा. हँडल अडखळलं तर रेटू नका, ग्राइंडर जरा तिरपा धरून फिरवा. दाणे बरवर हळूहळू उतरतात आणि हात हलका चालतो.

जाता जाता: चुंबकाने चिकटणारा डबा घरी छान, बॅगेत तो सुटतो आणि कपड्यांत पूड होते. आट्यांचाच बघा. हँडल ज्या चौकोनी-पंचकोनी टोकावर बसतं ते मऊ धातूचं असेल तर कोपरे झिजून हँडल निसटायला लागतं, तेही तपासा. आणि एरोप्रेस वापरत असाल तर आधी त्याच्या प्लंजरची आतली पोकळी मोजा. काही बारके ग्राइंडर त्यात बरोबर मावतात, पण तिथे मिलिमीटरभराचा फरकही नडतो.