रोज आठ तासांवर डबल, तर आठवड्याचा पगार कसा काढायचा?

*भाऊ महापेला ठेकेदाराकडे आहे, पगार दर शनिवारी. आठ तासांवरच्या कामाला डबल ठरलंय, पण तास रोज कमीजास्त असतात. ठेकेदार म्हणतो आठवड्याचे ४८ भरल्यावरच डबल. बरोबर आहे का? एक्सेलमध्ये कसं मांडू?*

ठेकेदाराचं साफ चूक आहे. आठ तास त्या त्या दिवसाचे मोजायचे. सोमवारी दहा तास भरले की दोन तास डबलचे झाले. मंगळवारी लवकर घरी पाठवलं म्हणून ते कुणाला परत घेता येत नाहीत.

हे मी इतक्या ठासून लिहितोय, कारण रबाळेच्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत मी मशीनवर होतो तेव्हा नेमका हाच खेळ चालायचा. डिस्पॅचची गाडी लागलेली असली की संध्याकाळी कुणाला सोडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी दाणा आला नाही की दुपारीच सुपरवायझर म्हणणार, जा रे घरी, मशीन बंद आहे. शनिवारी पाकीट हातात आलं की ओटीच्या रकान्यात जेमतेम काहीतरी. मी खिशात छोटी डायरी ठेवायचो, पंचिंगची वेळ रोज त्यात टिपायचो. पोरं हसायची.

एका आठवड्याचे तास मला आजही पाठ आहेत, जेवणाची सुट्टी वजा करून: सोमवार १०, मंगळवार ६, बुधवार साडेनऊ, गुरुवार ८, शुक्रवार १०, शनिवार ५. एकूण साडेअठ्ठेचाळीस. हिशेब सोपा जावा म्हणून दर तासाला ८० रुपये धरू.

रोजच्या रोज काढलं तर सोमवारचे २, बुधवारचा दीड आणि शुक्रवारचे २, असे साडेपाच तास डबलचे. उरलेले ४३ साधे. ४३ गुणिले ८० म्हणजे ३,४४०, साडेपाच गुणिले १६० म्हणजे ८८०. एकूण ४,३२०.

टाइम ऑफिसने काय केलं? सगळी बेरीज केली, त्यातून ४८ वजा केले आणि उरलेल्यालाच डबल लावलं. म्हणजे ३,८४० अधिक अर्ध्या तासाचे ८०, झाले ३,९२०. चारशे रुपये तिथेच गेले. पण पाकिटात ३,९२० सुद्धा नव्हते, ३,८८८ होते. हे वरचे ३२ कुठे गेले ते शोधायला मला हजेरीचं रजिस्टर बघावं लागलं. बुधवारचे साडेनऊ तास कारकुनाने ९.३० असे लिहिले होते आणि संगणकाने ते नऊ पूर्णांक तीन दशांश धरले. तीस मिनिटांची अठरा मिनिटं झाली. भावाच्या कार्डावर १५, ३०, ४५ असे आकडे टिंबानंतर दिसले तर आधी हेच तपासा. अर्धा तास म्हणजे .५, पाऊण तास म्हणजे .७५.

डायरी घेऊन गेलो तर ३२ रुपये लगेच दिले, ‘लिहिताना चुकलं’ म्हणून. चारशेचं नाव काढल्यावर मात्र साहेबांना अचानक मीटिंग आठवली. पुढच्या आठवड्यात आमच्या लाइनवरचा एकही माणूस सुट्टी झाल्यावर थांबला नाही, गाडी अर्धी भरून उभी राहिली, तेव्हा कुठे ओटी रोजच्या रोज धरायचं कबूल झालं. मागचं काही मिळालं नाही.

आता एक्सेल. बी२ ते बी७ मध्ये सहा दिवसांचे तास आणि ई१ मध्ये दर भरा. डबल म्हणजे काय, तर सगळे तास एकदा आणि आठवरचे तास अजून एकदा. म्हणून सी२ मध्ये हे लिहा, सी७ पर्यंत ओढा आणि त्याची बेरीज घ्या:

```
=(B2+MAX(B2-8,0))*$E$1
```

ठेकेदाराची पद्धत अशी असते, शेजारी लावून बघा म्हणजे फरक कळेल:

```
=(SUM(B2:B7)+MAX(SUM(B2:B7)-48,0))*E1
```

पहिल्यात ४,३२० येतील, दुसऱ्यात ३,९२०. बेरीज आधी केली की सहा तासांचा मंगळवार सोमवारची ओटी गिळून टाकतो, बाकी काही जादू नाही. आणि ९:३० असं घड्याळासारखं भरू नका. एक्सेल ते दिवसाचा हिस्सा म्हणून ठेवतं आणि साडेनऊ तासांचे ३१ रुपये ६७ पैसे दाखवतं. तसंच भरायचं असेल तर त्या आकड्याला आधी २४ ने गुणावं लागतं.

आमचे साडूभाऊ वागळे इस्टेटला एका ठेकेदाराचे हिशेब बघतात. त्यांचं म्हणणं, एक दिवस जास्त, एक दिवस कमी, सरासरी निघते, त्यात कामगाराचं काय जातं? प्रत्येक बारशाला, प्रत्येक पूजेला हेच. अहो, चारशे रुपये जातात! बुधवारी साडेनऊ तास उभं राहिलेल्या माणसाचे पाय शनिवारी पाच तासच काम आहे म्हणून बुधवारी दुखायचे थांबतात का? शिवाय मंगळवारी मशीन बंद पडली ती कंपनीच्या दाण्यापायी, कामगार काही सिनेमाला गेला नव्हता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५९ मध्येही ‘कोणत्याही दिवशी किंवा कोणत्याही आठवड्यात’ असंच होतं, तासांची सरासरी काढा असं कुठे नव्हतं. साडूभाऊंनी हे वाचलं तर बरंच होईल.

मात्र ठेकेदाराशी बोलायला जाण्याआधी एक लक्षात ठेवा. त्या कायद्यात दिवसाची मर्यादा नऊ तासांची होती आणि आठवड्याची ४८ ची. त्यामुळे जुन्या आठवड्यांची थकबाकी आठच्या हिशेबाने मागायची तर ‘आठवर डबल’ हे करारात किंवा नेमणुकीच्या कागदावर दाखवता आलं पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दिवसाचे आठ तास आहेत, आणि ओटी दिवसावर किंवा आठवड्यावर, कामगाराच्या फायद्याचं असेल तसं मोजायचं, असं कलम २७ सांगतं. म्हणून दोन्ही काढायचे आणि ज्यात जास्त येईल ते मागायचं. सहा दिवस आठ-आठ तास करून रविवारीही बोलावलं असेल तर रोजच्या हिशेबाने ओटी शून्य येते, आठवड्याच्या हिशेबाने आठ तास येतात. फक्त दोन्हींची बेरीज करू नका, तोच तास दोनदा मोजला जातो आणि टाइम ऑफिसवाला तुमचा सगळाच कागद बाजूला सारतो.

दर कशावर धरलाय तेही बघा. पगारपत्रकात मूळ वेतन आणि विशेष भत्ता वेगळे दाखवून डबल फक्त मूळ वेतनावर द्यायची इकडच्या बऱ्याच ठेकेदारांना सवय आहे. भत्ता धरूनच डबल करायचं, बोनस त्यात येत नाही.