डावीकडे खाली पोट दुखणं आणि बद्धकोष्ठ

प्रश्न: वडील ६२ वर्षांचे, पोट साफ होत नाही, डावीकडे खाली दुखतं. डॉक्टर म्हणाले, आतड्याला पिशव्या असतील. म्हणजे काय?

मोठ्या आतड्याचा सर्वांत अरुंद भाग, सिग्मॉइड, तिथेच असतो. कडक मळ पुढे ढकलताना तिथला दाब खूप वाढतो. रक्तवाहिन्या जिथे स्नायूतून आत शिरतात तिथे भिंत कच्ची असते. तिथूनच आतलं अस्तर बाहेर फुगतं, झिजलेल्या टायरमधून ट्यूब डोकावते तसं. याच त्या पिशव्या, यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात.

नुसत्या पिशव्या सहसा दुखत नाहीत. दुखणं सतत राहिलं, दाबल्यावर वाढलं, सोबत ताप आला, तर पिशवीला सूज आली असण्याची शक्यता मोठी. मग घरी जुलाबाचं औषध किंवा एनिमा नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सूज सीटी स्कॅनमध्ये दिसते. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल तर कोलोनोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याचं, आधी विचारा, कारण कॅन्सरचीही लक्षणं अशीच असू शकतात.