काय-स्क्वेअर: चहा-कॉफीच्या तक्त्यातले 'अपेक्षित' आकडे

प्रश्न: स्लाइडवरच्या चहा-कॉफीच्या तक्त्यात 'अपेक्षित' आकडे येतात कुठून? आणि R मध्ये उत्तर वेगळं का?

'अपेक्षित' आकडे कोणी मोजलेले नसतात. गट आणि आवड यांचा काही संबंध नाही, असं धरून ते काढतात.

समजा 50 विद्यार्थी आणि 50 शिक्षकांना विचारलं. विद्यार्थ्यांत 25 चहावाले, 25 कॉफीवाले. शिक्षकांत 35 आणि 15. म्हणजे 100 पैकी 60 जण चहाचे. संबंध नसता तर दोन्ही गटांत हेच प्रमाण दिसलं असतं: 30 चहा, 20 कॉफी. चारही चौकटींत फरक 5 चा आहे. त्याचा वर्ग 25. तो त्या-त्या अपेक्षित आकड्याने भागा आणि बेरीज करा, तोच काय-स्क्वेअर:

25/30 + 25/20 + 25/30 + 25/20 = 4.17

कडेच्या बेरजा ठरलेल्या असल्या की एक चौकट भरताच बाकीच्या तिन्ही आपोआप ठरतात, म्हणून स्वातंत्र्य-मात्रा 1. तिथे 5 टक्क्यांची सीमारेषा 3.84 आहे. आपण जेमतेम पलीकडे, म्हणजे गट आणि आवड यांचा संबंध आहे असा निकाल.

आता R ची गंमत. `chisq.test()` 2×2 तक्त्याला न सांगता येट्सची दुरुस्ती लावतं: प्रत्येक फरकातून 0.5 वजा. मग उत्तर 3.375 येतं, p सुमारे 0.066, म्हणजे 5 टक्क्यांच्या वर, आणि निकालच उलटतो. स्लाइडशी जुळवायचं असेल तर `correct = FALSE` लिहा. पण एवढ्याशा दुरुस्तीने निकाल फिरत असेल, तर शिक्षकांना चहा जास्त आवडतो असं छातीठोकपणे मी तरी म्हणणार नाही.

आणि हो, तक्त्यात टक्केवारी भरू नका, माणसं मोजून भरा.