ईसॉपचे चोवीस लाख

अगं,

तुझं ऑफर लेटर दोनदा वाचलं. पहिल्यांदा मोबाइलवर, मग चष्मा लावून लॅपटॉपवर. एका कंपनीचे रोख ३० लाख आणि या कंपनीचे रोख २६ लाख, वर ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणारे शेअर ऑप्शन, २४ लाखांचे. चार वर्षांत वाटले तर वर्षाला सहा, म्हणजे ३२ लाख, म्हणून हीच ऑफर मोठी, असं तू लिहिलंस. बेरीज बरोबर आहे. पण त्यातले सहा लाख पहिल्या सव्वीस लाखांच्या जातीचे नाहीत.

आधी हे २४ लाख आले कुठून ते बघू. तुला ४,८०० ऑप्शन मिळणार आहेत, स्ट्राइक प्राइस १०० रुपये. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. पुढे शेअरचा भाव काहीही झाला तरी तो १०० रुपयांना विकत घेण्याचा हक्क, एवढाच त्याचा अर्थ. पैसे उभारण्याच्या शेवटच्या राउंडमध्ये गुंतवणूकदारांनी ६०० रुपयांनी शेअर घेतले, म्हणून एचआरने ६०० वजा १०० गुणिले ४,८०० केलं आणि २४ लाख लिहून टाकले. आता गुंतवणूकदारांचे शेअर असतात प्रेफरन्स. कंपनी स्वस्तात विकली गेली तर आधी त्यांचे पैसे सुटतात, उरलं तर तुझ्यासारख्या साध्या शेअरवाल्यांना. म्हणजे तुझ्या शेअरची किंमत म्हणून ६०० धरणं इथेच चुकलं.

व्हेस्टिंगचं, म्हणजे ऑप्शन हळूहळू तुझ्या हक्काचे होण्याचं, गणित सोपं आहे. पहिलं वर्ष भरेपर्यंत शून्य. आपल्याकडे कायद्यानेच ग्रँट, म्हणजे ऑप्शन देणं, आणि व्हेस्टिंग यांच्यात किमान एक वर्षाचं अंतर लागतं, त्यालाच सगळे क्लिफ म्हणतात. वर्ष भरलं की एकदम १,२०० आणि मग दरमहा १००. अकराव्या महिन्यात सोडलंस तर हातात काही नाही. आणि घड्याळ कधी सुरू होतं तेही बघ: रुजू झाल्याच्या तारखेपासून नाही, ग्रँटच्या तारखेपासून. बोर्डाची मंजुरी चार महिने रखडली तर तुझा क्लिफही चार महिने पुढे.

आता खरा मुद्दा. समज, अडीच वर्षांनी तू नोकरी बदललीस. ३,००० ऑप्शन व्हेस्ट झालेत. बहुतेक योजनांत सोडल्यावर एक्सरसाइज करायला, म्हणजे ऑप्शन वापरून शेअर विकत घ्यायला, ठरावीक मुदत असते, तुझ्या पत्रात ती ९० दिवस आहे. त्यात घेतले नाहीत तर गेले. घ्यायचे तर ३,००० गुणिले १००, म्हणजे तीन लाख कंपनीला भरायचे. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

लोक अडखळतात ते पुढे. ज्या दिवशी तू एक्सरसाइज करतेस, त्या दिवशी शेअरची वाजवी किंमत वजा तुझी स्ट्राइक प्राइस, हा फरक आयकर खातं तुझा पगार समजतं. शेअर विकला नसला तरी. कंपनी शेअर बाजारात लिस्टेड नसेल तर ही किंमत मर्चंट बँकर ठरवतो आणि त्याचं मूल्यांकन एक्सरसाइजच्या तारखेपूर्वी १८० दिवसांच्या आतलं असावं लागतं. समज, त्याने ५०० रुपये लिहिले. फरक ४००, गुणिले ३,०००, म्हणजे १२ लाख पगार तुला मिळाला असं धरलं जाणार. तुझा रोख पगार तोवर नव्या करपद्धतीतल्या सर्वांत वरच्या टप्प्यात गेलेला असेल, त्यामुळे या सगळ्यावर ३० टक्के आणि वर सेस: ३,७४,४०० रुपये. कंपनी हा टीडीएस तुझ्याकडून घेते, कारण तिला तो सरकारजमा करायचा असतो. तीन लाख आणि पावणेचार लाख, मिळून पावणेसात लाख रुपये ९० दिवसांत उभे करायचे, अशा कागदासाठी जो कुणी विकत घ्यायला तयार नाही.

आता तीन वर्षांनी कंपनी दुसऱ्या कुणी घेतली आणि तुला शेअरमागे ३०० मिळाले असं धर. हातात नऊ लाख. तीन भरले होते, म्हणजे खरा फायदा सहा लाख. पण कर तू बारा लाखांवर भरून बसलीस. पावणेचार गेले की उरले सव्वादोन. खऱ्या फायद्यावर साठ टक्क्यांहून जास्त कर! कागदावर मात्र तुझा सहा लाखांचा भांडवली तोटा दिसेल, कारण खरेदीची किंमत ५०० धरतात. हा तोटा पगारातून वजा होत नाही. दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या अनलिस्टेड शेअरचा तोटा दीर्घकालीन, तो दुसऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वळता होतो, तोही आठ वर्षांच्या आत. तो नफा तुझ्याकडे असायला तर हवा.

भाव ८०० ला गेला असता तर चित्र छान होतं. ५०० वरच्या ३०० रुपयांवर साडेबारा टक्के आणि सेस, सगळं देऊन सोळा लाख सुटले असते. म्हणून मी ईसॉप वाईट म्हणत नाहीये.

मी स्वतः एकदा हे केलंय. जुनी कंपनी सोडताना, मुदत संपायला आठवडा असताना, एफडी मोडून. कंपनी तीन वर्षांत बंद पडली. शेअर सर्टिफिकेट अजून कपाटात आहे, काकांच्या एलआयसीच्या फायलीत. तुझ्या आईला हे ठाऊक नाही, तू सांगू नकोस.

तू म्हणशील, स्टार्टअपना हा कर पुढे ढकलायची सवलत आहे ना? आहे, २०२० च्या अर्थसंकल्पातली. पण नुसती स्टार्टअप म्हणून नोंदणी पुरत नाही. करसवलतीसाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते थोड्याच कंपन्यांकडे असतं. शिवाय शेअर विकले किंवा नोकरी सोडली की सवलत तिथेच संपते. आपलं उदाहरण नेमकं नोकरी सोडण्याचंच आहे.

एक वाट आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. क्लिफ संपताच, मर्चंट बँकरचा आकडा अजून लहान असताना एक्सरसाइज करायचं. तो १५० असेल तर १,२०० ऑप्शनवर पगार धरला जाईल ६० हजारच, कर १८,७२०. पुढची वाढ भांडवली नफ्यात जाते. पण मग एक लाख वीस हजार लवकर अडकतात, आणि बुडायचे तर तेही बुडतात. काही योजनांत तर कंपनी विकली जाईपर्यंत एक्सरसाइजच करू देत नाहीत. तसं असेल तर तुझा कर निदान पैसे हातात येताना लागेल, आणि मला ते वाईट वाटत नाही. सोडून गेल्यावरही हक्क टिकतो का, एवढं मात्र विचार.

एचआरला फोन करशील तेव्हा २४ लाखांवर वाद घालू नकोस. विचार की सगळे ऑप्शन आणि प्रेफरन्स धरून कंपनीचे एकूण शेअर किती, म्हणजे तुझे ४,८०० त्यात किती हिस्सा ते कळेल, आणि मर्चंट बँकरचा शेवटचा आकडा किती. ९० दिवसांची मुदत वाढवून मिळते का तेही विचार. काही कंपन्या ती वर्षांनी मोजतात. एकूण शेअर किती ते सांगायला नकार दिला, तर माझ्या हिशोबात हे सहा लाख शून्य आणि ३० लाखांची ऑफर मोठी. आकडे दिले, तर रविवारी ये, ग्रँट लेटरसोबत योजनेची पूर्ण पीडीएफ आण. नोकरी सोडल्यावरचं कलम सहसा शेवटच्या पानांवर असतं.

मावशी